पोहे गचका होतात किंवा कडक राहतात, नेमकं काय चुकतं?

प्रश्न : मी कांदेपोहे करतो तेव्हा कधी पार गचका होतात, तर कधी कढईतून काढल्यावरही दाताखाली कडक लागतात. पोहे पाच मिनिटं पाण्यात भिजवून ठेवतो. जाड पोहे घ्यावेत की पातळ?

उत्तर :

कांदेपोह्यांसाठी जाड पोहेच घ्या. आणि ते पाण्यात भिजत ठेवणं आधी बंद करा. पोह्यांना पाणी लागतं, पण ते पाण्यात बुडून राहायला नकोत. धुवायचे, निथळायचे आणि आत शिरलेल्या पाण्यावर मुरू द्यायचे.

पोहे मुळात कच्चे नसतात. भात (म्हणजे सालासकटचं धान्य) भिजवतात, गरम वाळूत किंवा कढईत भाजतात आणि गरम असतानाच चेपून चपटा करतात. दाणा तिथेच शिजलेला असतो, नंतर फक्त वाळलेला असतो. त्यामुळे आपल्याला त्याला शिजवायचं नसतं, पुन्हा ओला करायचा असतो, तोही कडेपासून मध्यापर्यंत सारखा. पातळ पोह्यात पाणी क्षणात आरपार जातं. जाड पोह्याची कड लगेच ओली होते, पण मधला भाग कोरडाच राहतो आणि तिथवर ओल पोचायला वेळ लागतो. हा वेळ पाण्यात बुडवून काढला, तर मध्य मऊ होईपर्यंत कडा विरघळायला लागतात. म्हणूनच एकाच कढईत वरून चिकट आणि आतून कडक असे पोहे मिळतात.

दोन माणसांसाठी दोन वाट्या जाड पोहे धरा. आधी चाळणीवर चाळून घ्या, हे अजिबात टाळू नका. पाकिटाच्या तळाशी जो भुगा असतो, तो पाणी लागताच चिकट होतो आणि चांगल्या पोह्यांनाही एकमेकांना चिकटवतो. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात पोहे टाका, हाताने एकदोनदा हलकेच फिरवा आणि लगेच रोवळीत ओता. पाण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त नकोत. रोवळी नसेल तर चाळणी चालेल, पण हाताने दाबून पाणी पिळू नका. नळाची धार सरळ पोह्यांवर सोडली तर वरचे जास्त भिजतात आणि खालचे कोरडे राहतात, म्हणून मला पातेल्यात धुणं जास्त भरवशाचं वाटतं.

आता रोवळी तिरकी करून दहा मिनिटं ठेवा. मध्ये एकदा बोटांनी खालचे पोहे वर करा, कारण पाणी तळाशी साठतं. याच वेळात कांदा चिरून होतो. दहा मिनिटांनी एक पोहा अंगठा आणि बोटात धरून दाबा. तो सहज चेपला गेला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये, आणि न दाबलेला शेजारचा पोहा मात्र अखंड दिसला पाहिजे. कणी लागली तर दोन चमचे पाणी शिंपडा, वर ताट झाका आणि पाच मिनिटं थांबा. उलट पोहे ओलसर चिकट वाटले तर परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. ही परीक्षा गॅस पेटवण्याआधीच करायची. कढईत गेल्यावर दोन्ही दोष दुरुस्त करणं फार अवघड जातं.

कढईत कडक होण्याचं कारण वेगळंच असतं. तिथे पोहे पुन्हा वाळतात. तेल तुटपुंजं, आच मोठी आणि झाकण नाही, असं झालं की नीट भिजलेले पोहेही वातड होतात. दोन वाट्यांना तीन चमचे तेल लागतंच, त्यात मी काटकसर करत नाही. फोडणीत कांदा पारदर्शक होईपर्यंत परता. बटाटा घालणार असाल तर पातळ काप करून तो आधीच झाकण ठेवून पूर्ण शिजवा. तो पोह्यांबरोबर शिजवायला गेलात तर बटाटा शिजेपर्यंत पोहे आळून बसतात. मीठ आणि साखर पोह्यांनाच लावून घ्या, म्हणजे नंतर सारखं ढवळावं लागत नाही. उलथन्याने खालून वर असं तीनचार वेळा हलवलं की पुरे. मग आच अगदी मंद, झाकण, आणि तीन ते चार मिनिटं दणदणीत वाफ. झाकण काढताना ते सरळ बाजूला न्या, आतल्या बाजूला जमलेलं पाणी पोह्यांवर ओघळू देऊ नका. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा.

दुकानात एक अडचण हमखास येते. एकाच्या पाकिटावर ‘जाड’ लिहिलेले पोहे दुसऱ्याकडे ‘मध्यम’ म्हणून मिळतात. शब्दांवर न जाता पाकीट उजेडात धरा. पातळ पोह्यातून उजेड आरपार येतो, जाड पोहा अपारदर्शक आणि बोटांना टणक लागतो. तळाशी भुगा खूप असेल तर ते पाकीट ठेवून द्या. नवीन दुकानातून आणलेत तर चमचाभर पोहे वाटीभर पाण्यात टाकून पाहा. काही क्षणांतच लोळागोळा झाले तर ते कांदेपोह्यांचे नव्हेत. घरात मध्यमच असतील तर धुवा आणि निथळायला निम्माच वेळ द्या. कोकणातले लाल पोहे मात्र मुरायला जास्त वेळ घेतात, कारण त्यांच्यावर कोंड्याचा थर असतो.

पातळ पोहे कमी दर्जाचे असतात असं समजू नका. त्यांचं काम वेगळं आहे. दडपे पोहे पातळच हवेत, आणि ते धुवायचेही नाहीत. ओला नारळ, बारीक चिरलेला कांदा, थोडं नारळाचं पाणी आणि लिंबू यांच्या ओलीवर ते पंधरावीस मिनिटं दडपून ठेवले की बरोबर मऊ होतात. भाजून करायच्या चिवड्यालाही पातळच, कारण मंद आचेवर ते आतपर्यंत कुरकुरीत होतात. जाड पोहे नुसते भाजले तर मध्ये टणकच राहतात, त्यांचा चिवडा करायचा तर तळावे लागतात. पातळ पोह्यांचे कांदेपोहे करायची वेळ आलीच तर धुऊ नका. परातीत पसरून पाण्याचा हबका मारा आणि लगेच फोडणीत घाला.

वीसेक माणसांसाठी करणार असाल तर सगळे पोहे एका खोल पातेल्यात निथळत ठेवू नका, वरच्यांच्या वजनाने खालचे चेपून लगदा होतात. दोनतीन रोवळ्या घ्या आणि फोडणीही दोन घाण्यांत करा.

आणि केलेले पोहे गार झाल्यावर कडक वाटले, तर तो भिजवण्यातला दोष नाही. शिजलेला तांदूळ गार झाला की आळतोच, भाताचंही तेच होतं. चमचाभर गरम पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर पुन्हा एक वाफ आणा, ते परत मऊ होतील.