पत्रात ‘किंचित’ लिहू नका

प्रश्न: मला आठवा महिना चालू आहे. बीपी वाढलंय म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. धाकट्या बहिणीला मदतीला बोलवायचंय, पण फोनवर रडू येतं. पत्र कसं लिहू?

असं पत्र ज्या धाकट्या बहिणीला आलं होतं, ती मी.

१९९६ सालचं, ताईचं आंतरदेशीय. आधी सगळ्यांची खुशाली, मग यंदाचे पापड कसे लाल झाले ते, आणि तिसऱ्या घडीवर, जिथे डिंक लावतात त्याच्या जरा वर: ‘डॉक्टर म्हणतात बीपी किंचित जास्त आहे, आराम कर. रजा मिळाली तर ये, नाहीतर राहू दे.’ मी राहू दिलं. नोकरी नवीन होती, रजा मागायची लाज वाटायची.

पंधरा दिवसांनी गेले तर ताई ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती. चेहरा सुजलेला, अंगठी बोटात रुतलेली. साबण लावून, दोरा गुंडाळून ती काढली. दोन दिवस डोकं ठणकत होतं म्हणून कपाळाला बाम चोपडलेला. त्याच संध्याकाळी दवाखान्यात बीपी १७०/११० भरलं, लघवीत प्रथिनं निघाली. पस्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं. भाचा १ किलो ९०० ग्रॅमचा. आता सहा फुटी आहे.

ताई आजही म्हणते, ‘मी कळवलं होतं, तू आली नाहीस.’ अहो, पापडांना सहा ओळी आणि बीपीला एक, याला कळवणं म्हणतात?

म्हणून तुम्ही पहिल्याच ओळीत आकडा लिहा. ‘बत्तिसावा आठवडा आहे, बीपी १५०/१०० आहे, गोळ्या चालू आहेत. पंधरा तारखेच्या आत ये आणि बाळंतपणानंतर महिनाभर राहा. पाणी भरणं, स्वयंपाक आणि मोठीला शाळेत सोडणं मला जमत नाहीये.’ एवढं पुरे. ‘नाहीतर राहू दे’ लिहिलंत की समोरची राहू देते, हे मी स्वतःवरून सांगते. बाळंतपणानंतरचा महिना मुद्दाम मागा, कारण बाळ झालं म्हणून बीपी लगेच उतरत नाही. वाढलेल्या बीपीने येणारे आकडीचे झटके बाळंत झाल्यावरही येऊ शकतात. सासूबाईंना काय वाटेल, हा विचार नंतर.

आणि हो, विश्रांती म्हणजे चोवीस तास पलंगावर नव्हे. नुसतं पडून राहून बीपी उतरत नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते. किती हिंडायचं ते डॉक्टरांनाच विचारा, गोळी चुकवू नका. डोकेदुखी थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजवीकडे बरगडीखाली दुखलं किंवा बीपी १६०/११० ला टेकलं, तर बहिणीची वाट न बघता त्याच पावली दवाखाना गाठा.

ताई हे वाचून म्हणेल, ‘किंचित’ मी लिहिलंच नव्हतं. आंतरदेशीय माझ्याकडे आहे.