साहेबांना माहीत आहे, मग लिहायचं काय?

“मॅडम, मी सहा वर्षं स्टोअरला आहे. आमच्याच कंपनीत स्टोअर इन्चार्जची जागा निघाली आणि एचआरने नवा रेझ्युमे मागितलाय. मन्हं काम सर्वास्ले माहीत शे. मग पुन्हा लिहायचं काय? आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक तरी कसं करायचं?”

पारोळ्याकडचा हा तरुण जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात स्टोअर असिस्टंट आहे. त्याला मी पहिला प्रश्न विचारला, “भाऊ, मुलाखतीला कोण कोण बसणार आहे?” विभागप्रमुख, एचआर आणि दुसऱ्या प्लांटचे एक अधिकारी, असं त्याने सांगितलं. म्हणजे तिघांपैकी रोज त्याचं काम बघणारे एकच. बाकी दोघांसमोर त्याचा कागदच बोलणार होता.

त्याने आणलेला रेझ्युमे नोकरीला लागताना केलेलाच होता. वर ध्येय, खाली दहावी-बारावीचे गुण, शेवटी छंद. बदललं होतं ते फक्त सध्याचं पद. कामाखाली लिहिलं होतं, “माल उतरवून घेणे, जीआरएन करणे, माल इश्यू करणे, स्टॉक सांभाळणे.” बाहेरच्या कंपनीसाठी ते एक वेळ चाललं असतं. पण हे काम त्याचं आहेच, हे आपल्याच कंपनीला ठाऊक असतं. मागच्या अप्रेझलनंतर त्यात काय भर पडली, ते त्यांना वाचायचं असतं.

म्हणून मी त्याला मागच्या अप्रेझलचा फॉर्म आणायला सांगितला. त्याच्याकडे प्रत नव्हती, ती एचआरकडून मेलवर मागवली. बहुतेक जण हा फॉर्म सही करून विसरून जातात. माझ्या मते अंतर्गत बढतीच्या रेझ्युमेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. एप्रिलच्या त्या फॉर्ममध्ये साहेबांचा शेरा होता: “प्रत्यक्ष स्टॉक आणि सिस्टीममधला स्टॉक जुळत नाही. पुरवठादारांचा पाठपुरावा कमी पडतो.” तो वाचून भाऊचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं. आपण नेमकं कशाचं उत्तर द्यायचं, ते आता कागदावर होतं.

मग कोऱ्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे एप्रिलमधलं काम, उजवीकडे त्यानंतर वाढलेलं. डावीकडे कच्च्या मालाची आवक-जावक एवढंच आलं. उजवीकडे पहिली गोष्ट आली ती सुट्या भागांच्या स्टोअरची. जुलैत तिथले ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले आणि तो पसारा याच्या गळ्यात पडला. पत्र नाही, फक्त “तू बघ आता.”

त्याने लिहिलं, “जुलैपासून प्रभारी स्टोअर इन्चार्ज.” मी ते खोडायला लावलं. एचआरच्या फाइलमध्ये तसा आदेश नाही. हे एक विधान खोटं ठरलं, तर खालच्या खऱ्या ओळींवरही शंका येते. त्याऐवजी लिहिलं, “जुलैपासून, विभागप्रमुखांच्या सूचनेनुसार, मूळ कामाशिवाय सुट्या भागांच्या स्टोअरची अतिरिक्त जबाबदारी.” आणि साहेबांना दोन ओळींचा मेल टाकून तारखेला दुजोरा मागितला. तो त्याच संध्याकाळी आला.

आता निकाल. त्याचं वाक्य होतं, “स्टॉकची अचूकता खूप सुधारली.” मी म्हटलं, “खूप म्हणजे किती, आणि हे कुठे लिहिलेलं सापडेल?” तो दुसऱ्या दिवशी मोजणीच्या शीट घेऊन आला. मार्चच्या मोजणीत १,१४० वस्तू मोजल्या होत्या, त्यातल्या ९६ जुळत नव्हत्या. सप्टेंबरमध्ये १,२१० मोजल्या, ३१ जुळल्या नाहीत. त्याने लगेच लिहिलं, “६५ चुका कमी.” पण दोन्ही वेळी मोजलेल्या वस्तू सारख्या नाहीत, म्हणून टक्के काढले. मार्चला ८.४, सप्टेंबरला २.६. दोन्ही मोजण्यांचे महिने लिहिले, म्हणजे कोणालाही शीट काढून ताळा करता येईल.

आकडा मिळाला तरी ओळ अपुरी होती. फरक कशाने पडला? विचारत गेल्यावर कळलं, रात्रपाळीत मशीन बंद पडलं की फिटर स्टोअर उघडून बेअरिंग घेऊन जायचे आणि स्लिप सकाळी बनायची, किंवा बनायचीच नाही. याने दारालाच दोरीने वही बांधली. वस्तू, नग, मशीन क्रमांक आणि सही झाल्याशिवाय माल बाहेर नाही. शिवाय रोज वीस वस्तू मोजून बिन कार्डशी, म्हणजे खणावरच्या आवक-जावकीच्या नोंदीशी, ताडायच्या. या हिशेबाने साधारण साठ कामाच्या दिवसांत सगळं स्टोअर एकदा नजरेखालून जातं. इतकं सगळं केलं होतं, आणि रेझ्युमेत त्याची एक ओळ नव्हती. “ते तर रोजचंच आहे, मॅडम,” म्हणाला. रोजचं झालं म्हणूनच माणसाला ते दिसेनासं होतं. त्यासाठी मी लोकांना मेल, रजिस्टर आणि शिफ्टची वही महिन्या-महिन्याने चाळायला लावते. आठवणीवर लिहिलं की शेवटचे दोन महिनेच पानावर येतात.

शेवटी ओळ अशी झाली: “रात्रपाळीसाठी इश्यू वही आणि रोज २० वस्तूंची मोजणी सुरू केली. न जुळणाऱ्या वस्तूंचं प्रमाण मार्चमधील ८.४ टक्क्यांवरून सप्टेंबरमध्ये २.६ टक्क्यांवर आलं.” कौतुकाचा एक शब्द त्यात नाही. त्याचा संकोच तिथेच गेला.

एक ओळ मात्र आम्ही काढली. सुट्या भागांच्या खरेदीत बचत झाली होती आणि त्याला ती स्वतःच्या नावावर हवी होती. पण दर ठरवले होते खरेदी विभागाने. याने न खपणाऱ्या वस्तूंची यादी करून दिली होती. म्हणून तेवढंच लिहिलं: “पडून असलेल्या वस्तूंची यादी तयार करून खरेदी विभागाला दिली.” खरेदीवाले त्याच इमारतीत बसतात, एका फोनवर खरं-खोटं होतं.

पाठपुराव्याच्या शेऱ्यावर दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. थकलेल्या ऑर्डरींची यादी तो ऑगस्टपासून दर सोमवारी पाठवतो, तेवढं लिहिलं. माल वेळेवर येऊ लागला, असं लिहिलं नाही, कारण तसा पुरावा नव्हता. मुलाखतीत विचारलं तर तसंच सांगायचं ठरवलं.

मांडणीत मागच्या अप्रेझलनंतरचं सगळं पहिल्या अर्ध्या पानात घेतलं. त्याआधीची पाच वर्षं तीन ओळींत बसली. गुण आणि छंद गेले. एकूण दीड पान. ही प्रत नोकरीच्या पोर्टलवर टाकू नकोस, असंही बजावलं. त्यात कंपनीच्या आतले आकडे आहेत.

मुलाखतीहून आल्यावर त्याने फोन केला. दुसऱ्या प्लांटच्या अधिकाऱ्यांनी एकच खोलात जाणारा प्रश्न विचारला होता, “राहिलेल्या ३१ कोणत्या?” याच्याकडे यादी होती. जास्त घोळ बेअरिंगचा. ६२०५ झेडझेड आणि ६२०५ टू-आरएस, माप अगदी सारखं, एकाला पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबराचं. घाईत एकाच्या खणात दुसरं पडतं. “आता खणांना वेगळे रंग लावतोय,” त्याने सांगितलं, आणि ते अधिकारी वहीत लिहून घ्यायला लागले.