सर, एवढं पुढे पाठवाल का?

"मॅडम, ज्या साहेबांकडून काम मिळू शकतं, त्यांना आमचे सर चांगले ओळखतात. सरांना शब्द टाकायला सांगायचंय, पण जीभच रेटत नाही. मेसेज लिहितो आणि खोडतो. काय करू?"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा येतं की आता एकाची गोष्ट लिहूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांना आपण पॅटर्नवाले म्हणू. उद्यमनगरात त्यांचं छोटं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत वाळूचा साचा ज्या नमुन्यावरून उठवतात, तो पॅटर्न. वस्तूच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात जो वाळूचा गाभा बसवतात, तो ज्यात घडवतात तो कोअर बॉक्स. मोठी गिऱ्हाईकं दोनच, त्यातलं एक मंदावलेलं. शिरोलीच्या एका फौंड्रीत शिरकाव हवा होता, आणि तिथले एक साहेब यांच्याच तंत्रनिकेतनातल्या सरांचे जुने विद्यार्थी.

आधी त्यांना थेट मालकांशी ओळख हवी होती. मी विचारलं, "नवं पॅटर्न कुणाकडून करून घ्यायचं, हे ठरवतं कोण?"

"ठरवतात डेव्हलपमेंटवाले. पर्चेस रेट पाडतं. मालक सही करतात."

"आणि सरांचे विद्यार्थी कुठल्या खात्यात?"

"डेव्हलपमेंटलाच की!" असं म्हणून ते स्वतःच हसले. मालकांचा विषय तिथेच संपला.

मग त्यांनी लिहून ठेवलेला मेसेज दाखवला. फोनवर तीनदा वर सरकवावा लागला, एवढा लांब. सुरुवातीला सरांच्या तब्येतीची चौकशी, मग वडील गेले तेव्हा सरांनी दिलेला आधार, मग मशीनचे थकलेले हप्ते, आणि तळाशी "आपण एकदा बोललात तर फार उपकार होतील."

अशा वेळी मी धीर देत बसत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी घडण झाली. भीती कसली वाटते त्याचं वाक्य शोधायचं आणि ते तपासायचं, ही माझी सवय. मी विचारलं, "सर नाही म्हणाले तर?"

"म्हणू देत. त्याचं काही नाही. पण त्यांच्यावर ओझं टाकल्यासारखं होतंय बघा."

म्हणजे भीती नकाराची नव्हती. मग ओझं खरंच केवढं आहे ते मोजायला काय हरकत? मी म्हटलं, "आता तुम्ही सर. मी फौंड्रीतली साहेब. हा मेसेज मला पाठवा."

त्यांनी फोन हातात घेतला. बोट फॉरवर्डच्या खुणेवर गेलं आणि थांबलं. बराच वेळ थांबलं. "हे कसं पाठवू? यात माझ्या हप्त्यांचं आहे. वडिलांचं आहे."

"मग सरांनी काय करायचं?"

"त्यांना सगळं नव्यानं लिहावं लागंल." ते क्षणभर गप्प राहिले. "आणि माझं काम नेमकं काय, ते त्यांना तरी कुठं माहीत? मला फोन करून विचारावं लागंल."

इतक्या वर्षांच्या कामात मला असे क्षण फार जपून ठेवावेसे वाटतात. तोवर ते स्वतःला भिडस्त समजत होते. भीड भिकेची बहीण, असं स्वतःलाच बोल लावत होते. पण त्यांची भीड खोटी नव्हती. तो मेसेज खरोखरच सरांवर ओझं टाकत होता, आणि मनाला ते आधी कळलं होतं. स्वभाव बदलायची गरज नव्हती, मेसेज बदलायचा होता.

आम्ही त्याचे दोन तुकडे केले. पहिला फक्त सरांसाठी. तब्येत, माया, जे असेल ते, आणि शेवटी एक वाक्य: "सर, खालचा मेसेज त्यांना पाठवणं तुम्हाला योग्य वाटलं तरच पाठवा, अवघड वाटत असेल तर बिनधास्त सांगा." नकाराचं दार आपणच उघडं ठेवायचं. दुसरा मेसेज वेगळा आणि तो असा:

"सर, नमस्कार. मी (नाव), उद्यमनगर, कोल्हापूर. फौंड्रीसाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्स बनवतो. (साहेबांचं नाव) यांच्याकडे पंपाच्या केसिंगची नवी कामं सुरू होत आहेत असं समजलं. मी गेल्या वर्षी तशाच एका केसिंगचं पॅटर्न दोन कोअर बॉक्ससह १८ दिवसांत दिलं होतं, पहिलं सॅम्पल मापात पास झालं. फोटो सोबत आहे. त्यांना १५ मिनिटं वेळ असेल तर शिरोलीत येऊन भेटेन. सध्या गरज नसेल तरी हरकत नाही. फोन: (नंबर)"

हा मेसेज सरांना उद्देशूनच आहे, पण साहेबांनी अक्षर न् अक्षर वाचलं तरी अडचण नाही. नाव आणि नंबर आत हवाच, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेल्या मजकुरावर तो मुळात कुणी लिहिला ते दिसत नाही. ईमेल करणार असाल तर जुन्या मेलला उत्तर म्हणून लिहू नका, नवा मेल लिहा. नाहीतर सरांशी झालेली सगळी जुनी बोलणी खाली लटकत पुढे जातात.

मेसेजमध्ये त्यांनी आधी "अत्यंत दर्जेदार आणि विश्वासू" असं घातलं होतं. ते मी काढायला लावलं. स्वतःची तारीफ सरांच्या हातून पाठवायची म्हणजे त्यांना न विचारता साक्षीदार करण्यासारखं. १८ दिवस आणि पास झालेलं सॅम्पल पुरेसं आहे. फोटोही बदलावा लागला. पहिल्यात पॅटर्नवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर स्वच्छ दिसत होता. तो पाहून साहेबांनी उलटा हिशेब केला असता, की उद्या आमचंही हा असंच दाखवत फिरेल.

एक इशारा मात्र इथे द्यायलाच हवा. आपल्याकडे पुष्कळदा उत्तर येतं, "माझं नाव सांग आणि जाऊन भेट." ही ओळख करून देणं नव्हे, अर्धा नकारच असतो. समोरच्या साहेबांना सरांनी तुम्हाला पाठवलं की तुम्हीच नाव वापरलं, हे कळायला मार्ग नसतो. तेव्हा एकदाच विचारावं, "सर, मजकूर लिहूनच दिलाय, तेवढा पुढे पाठवाल का?" तरी टाळाटाळ झाली तर विषय सोडून द्यावा. कदाचित त्यांनी तुमचं काम पाहिलेलं नसेल. न पाहिलेल्या कामाला नाव द्यायला ते कचरले तर त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

पॅटर्नवाल्यांच्या सरांनी चार दिवस काहीच कळवलं नाही. निळ्या खुणा झाल्या होत्या. रोज फोन, "मॅडम, परत टाकू काय?" मी म्हटलं, आठवडा जाऊ दे, मग एकच ओळ. ती टाकायची वेळच आली नाही. पाचव्या दिवशी सरांनी मजकूर फॉरवर्ड केला आणि त्याआधी स्वतःची एक ओळ जोडली: "माझा विद्यार्थी. हाताला अचूक आहे. बघा." त्याचा स्क्रीनशॉट पॅटर्नवाल्यांनी मला दाखवला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. अशी ओळ आपण लिहून देऊ शकत नाही, तिच्यासाठी फक्त जागा मोकळी ठेवू शकतो.

भेट झाली, पंधराची पंचवीस मिनिटं झाली. नवं पॅटर्न मिळालं नाही. एक जुना, झिजलेला कोअर बॉक्स दुरुस्तीला मिळाला. पॅटर्नवाले जरा हिरमुसले होते. मी विचारलं, "सरांना कळवलंत?"

"आता एवढ्याशा कामाचं काय कळवायचं?"

"कळवा. त्यांनी नाव दिलंय, पुढे काय झालं ते त्यांना कळायला नको?"

त्यांनी माझ्यासमोरच टाइप केलं. सरांचं उत्तर मिनिटाभरात आलं: "माप बघून घे रे, घाई करू नको."