जुन्या एचएमटी ‘जनता’ची जाहिरात: दोष कसे लिहायचे?

प्रश्न: वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ विकायला काढलंय. चालू आहे, पण थोडं मागे पडतं. डायलवर डाग आहे, काचेवर ओरखडे आहेत, सर्व्हिसिंगची पावती नाही. जाहिरातीत किती खरं लिहू? सगळं लिहिलं तर कुणी घेईल का? मी सोलापुरात असतो.

उत्तर:

सगळं लिहा, पण मोजून लिहा. ‘थोडं मागे पडतं’ एवढ्यावरच गिऱ्हाईक हातचं जातं. थोडं म्हणजे दिवसाला अर्धा मिनिट की पंधरा मिनिटं हे त्याला कळत नाही, मग तो वाईटात वाईट धरून भाव करतो. ‘चोवीस तासांत ७० सेकंद मागे’ असं लिहिलंत तर जाणकार लगेच ओळखतो की घड्याळ मेलेलं नाही, सर्व्हिसिंगला आलंय.

मोजायला तीन-चार दिवस द्या. सकाळी चावी हळूहळू फिरवून घड्याळ पूर्ण भरा. शेवटी चावी स्पष्ट अडकते, तिथे थांबायचं. पुढे रेटली तर मेनस्प्रिंग तुटू शकते. मिनिट काटा एखाद्या खुणेवर असताना सेकंद काटा बरोबर बारावर येईल असं जमवा आणि त्या क्षणी मोबाईलमध्ये काय वेळ आहे ते सेकंदासकट लिहून ठेवा. चावी ओढल्यावर सेकंद काटा थांबत नसेल तर वेळ तंतोतंत लावायच्या मागे लागू नका. आजचा फरक आणि उद्याचा फरक यांची वजाबाकी केली की काम झालं. पहिले चोवीस तास डायल वर करून टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण भरा आणि चावी खाली येईल असं उभं ठेवा. तिसऱ्या दिवशी भरून झालं की हात लावू नका, आपोआप बंद पडू द्या. किती वाजता बंद पडलं ते काटेच सांगतील, तुम्ही फक्त दिवस होता की रात्र एवढं लक्षात ठेवा.

आता या तीन आकड्यांचा अर्थ. दोन्ही स्थितींत मागे पडणं साधारण सारखं असेल तर बहुधा तेल सुकलंय किंवा वेळ जुळवायची पट्टी हललीय, म्हणजे किरकोळ मामला. सपाट ठेवल्यावर ठीक आणि उभं केल्यावर दोन-तीन मिनिटं मागे असेल तर बॅलन्स या मागेपुढे डुलणाऱ्या चाकाचा तोल किंवा त्याच्या बारीक टोकांची झीज असण्याचा संभव आहे. ते काम खर्चिक. पूर्ण भरलेलं घड्याळ नीट असेल तर दीड दिवसाहून जास्त चालतं. चोवीस तासांच्या आतच थांबत असेल तर मेनस्प्रिंग थकलीय किंवा आत तेलाचा चिकटा झालाय. कारण जाहिरातीत छातीठोकपणे लिहू नका, ते खोलल्याशिवाय कळत नाही. आकडे मात्र तिन्ही द्या. (तुमचं मागे पडतंय, पण कुणाचं एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं असेल, तर विकण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे चुंबकत्व काढून बघावं. हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना चिकटल्या की घड्याळ पळतं. मोबाईल कव्हरचं लोहचुंबक किंवा स्पीकर एवढं कारणही पुरतं, आणि उपाय काही सेकंदांचा असतो.)

डायलचा मुद्दा मात्र वेळेपेक्षाही नाजूक आहे. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यानंतर जुन्या ‘जनता’, ‘पायलट’ला मागणी आली आणि त्याबरोबर नव्याने रंगवलेल्या डायलचं पीकही. घेणारा पहिला प्रश्न हाच विचारणार: डायल मूळ आहे का? दुरुस्तीवाला डोळ्याला लावतो ती भिंगाची नळी घ्या आणि अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाईत कड स्वच्छ, अक्षराची जाडी एकसारखी आणि मिनिटांच्या रेघा अंकांशी सरळ रेषेत असतात. रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली दिसते, रेघा खालीवर होतात, आणि सहाच्या अंकाखाली अगदी काठाशी असणारी बारीक अक्षरं बऱ्याचदा पुसट किंवा गायब असतात. कळलं नाही तर ‘मूळ’ हा शब्द वापरूच नका. ‘आमच्याकडे असताना डायल बदललेली किंवा रंगवलेली नाही, त्याआधीचं माहीत नाही, जवळून काढलेला फोटो पाहून ठरवावं’ हे वाक्य पुरेसं आहे. तुमच्या डायलवरचा डाग तर इथे तुमच्याच बाजूने बोलतो, कारण ताज्या रंगवलेल्या डायलवर वयाचे डाग नसतात. तो पुसायला जाऊ नका. ओल्या कापसाने डागाबरोबर अक्षरंही निघून येतात.

पावती नाही हा दोष नाही, ‘सर्व्हिस केलेलं आहे’ असं पावतीशिवाय ठोकून देणं हा दोष आहे. शिवाय सर्व्हिसिंग या शब्दाखाली दोन वेगळी कामं खपतात. एक म्हणजे मशीन पूर्ण खोलून, भाग सुटे करून धुणं आणि ठिकठिकाणी योग्य तेल देणं. दुसरं म्हणजे मशीन न खोलता तसंच पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेलाचे थेंब सोडणं. दुसऱ्या प्रकारानंतरही घड्याळ काही महिने झकास चालतं, मग पुन्हा अडतं. म्हणून कोणतं काम, कधी, कोणते भाग बदलले हे माहीत असेल तेवढंच लिहा.

मागचं झाकण घरी सुरीने उघडू नका. सुरी सटकली की घड्याळाच्या केसवर कायमचा चरा, आणि आत गेली तर हेअरस्प्रिंगचा सत्यानाश. नवी पेठेत घेऊन जा, दुरुस्तीवाल्याला उघडायला सांगा आणि दोन फोटो काढून लगेच बंद करून घ्या. धूळ उडत असेल तर रस्त्याकडेच्या टपरीवर नको, आत बसणारा माणूस बघा. पहिला फोटो मशीनचा, त्यावरचा ०२३१ हा क्रमांक आणि १७ ज्वेल्सचा उल्लेख वाचता येईल असा. दुसरा झाकणाच्या आतल्या बाजूचा. तिथे आधीच्या कारागिरांनी टोचणीने कोरलेल्या तारखा किंवा खुणा सापडतात. पावती हरवली असली तरी तोच सर्व्हिसिंगचा इतिहास. त्याच फेरीत विचारून घ्या: पूर्ण खोलून सर्व्हिसिंगचे किती घ्याल? हा आकडा किमतीसाठी लागणार आहे.

पॉलिश मात्र करून घेऊ नका. बफिंगने केसच्या कडा गोल होतात, आणि केस पितळेवर क्रोम चढवलेली असेल तर उरलासुरला मुलामाही जातो. कानांच्या आतल्या बाजूला, जिथे पट्टा घासतो, तिथे पिवळं दिसतंय का बघा आणि दिसलं तर लिहा.

आता मसुदा. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे घाला:

‘एचएमटी जनता, किल्लीचं, पुरुषांचं, १७ ज्वेल्स, मशीन ०२३१. घरातलं, आमच्याकडे एकाच माणसाने वापरलेलं, विकत घेतल्याचं बिल नाही. चालू आहे. पूर्ण भरून डायल वर ठेवल्यास चोवीस तासांत ७० सेकंद मागे, चावी खाली ठेवून उभं केल्यास १३० सेकंद मागे. एकदा भरल्यावर ३१ तास चाललं. सर्व्हिसिंगची पावती नाही. झाकणाच्या आत कारागिराच्या दोन खुणा आहेत, फोटो दिला आहे. गेल्या १० वर्षांत खोललेलं नाही, त्यामुळे घेणाऱ्याने सर्व्हिसिंगचा खर्च धरावा. दोष: डायलवर चार आणि पाचच्या मध्ये तपकिरी डाग. काच ॲक्रिलिकची, बारीक ओरखडे भरपूर, तडा नाही. डाव्या बाजूच्या खालच्या कानाच्या आत मुलामा उडून पितळ दिसतं. चावी बदललेली आहे, मूळ नाही. पट्टा नवा, साधा. डायल आमच्याकडे असताना रंगवलेली नाही, त्याआधीचं माहीत नाही. पाण्यापासून जपावं. सोलापुरात समक्ष पाहून घेता येईल.’

यात ‘उत्तम स्थिती’, ‘दुर्मीळ’, ‘एक नंबर’ हे शब्द नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. ‘वॉटरप्रूफ’ तर अजिबात नको. झाकणावर काहीही कोरलेलं असो, आतलं रबर इतक्या वर्षांत कडक झालेलं असतं. दोष लिहिताना जागा सांगा: ‘चार आणि पाचच्या मध्ये’ वाचलं की माणूस फोटोत तोच डाग शोधतो, सापडला की बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवतो. काचेचे ओरखडे मी फार मनावर घेणार नाही. ॲक्रिलिक काच घासून चकचकीत होते, नवीही स्वस्तात बसते. तडा असेल तर मात्र ठळक लिहा, कारण त्यातून ओल आत जाते आणि मशीनला गंज धरतो.

फोटो गॅलरीत, सावलीत काढा. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात काच नुसती चमकते आणि ओरखडेही दिसत नाहीत, डायलही दिसत नाही. ओरखड्यांसाठी एक फोटो तिरक्या उजेडात वेगळा घ्या.

किमतीचा हिशोब सोपा आहे. समजा सर्व्हिसिंग झालेलं, अशाच डायलचं ‘जनता’ २,००० रुपयांना जातंय आणि दुरुस्तीवाल्याने ६०० सांगितले, तर तुमची किंमत १,४०० च्या आसपास. स्वतः सर्व्हिसिंग करून विकण्यात फायदा क्वचितच होतो, कारण नव्या माणसाला तुमच्या कारागिराचा हात माहीत नसतो आणि तो बहुतेक वेळा पुन्हा आपल्या माणसाकडे नेतोच.

बाहेरगावी पाठवायचं ठरलं तर घड्याळ पूर्ण भरून पाठवू नका, चावी आत दाबलेली आहे ना बघा, आणि पाकीट नव्हे, डबा वापरा. कापसाऐवजी बबलची शीट, कारण कापसाचे तंतू चावीच्या फटीत शिरतात. पार्सल बंद करण्याआधी घड्याळ दोन फेऱ्या भरून, सेकंद काटा फिरताना दिसेल असा सलग व्हिडिओ काढून घेणाऱ्याला पाठवा. पैसे ‘पाठवण्यासाठी’ तुम्हालाच क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर तिथेच व्यवहार थांबवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

‘सगळं लिहिलं तर कुणी घेईल का’ याचं उत्तर असं की फोन कमी येतील. पण जे येतील ते डाग, ७० सेकंद आणि बदललेली चावी वाचून आलेले असतील, त्यामुळे घासाघीस झालीच तर १,४०० मधून शंभर-दोनशेचीच होईल.