पाचातला एक पाट

ताई, माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. मावसबहिणीची पहिली मंगळागौर मावशीकडे होती. मावशी पंधरा दिवस आधी घरी येऊन आमंत्रण देऊन गेली, पाच वशेळ्यांत मलाही धरलं होतं, मी हो म्हणले. पण मंगळवार म्हणजे माझं ऑफिस, त्यात एक वाजता क्लायंटचा कॉल होता, म्हणून आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर टाकलं की पूजेला येते पण साडेअकराला निघेन. मावशीचं उत्तर, "मग राहू दे." मी रजा काढत नाही हा गुन्हा आहे का? पुढच्या मंगळवारी नणंदेकडेही आहे, तिनेही वशेळी म्हणूनच बोलावलंय. तिथेही लवकर निघायचं सांगू की सरळ जाऊच नको?

---

अगं, ऑफिसबद्दल मला काही म्हणायचंच नाहीये. मी अडकले ती 'पाच वशेळ्यांत मलाही धरलं होतं' या पाच शब्दांवर, जे तू असे टाकलेस जसं काही मावशीने पाच खुर्च्या मांडल्या आणि त्यातली एक तुझी.

वशेळी म्हणजे पाहुणी नव्हे गं. लग्नाला पाच वर्षं व्हायची असलेल्या मुली शोधायच्या, त्यात ही गावाला गेलेली, ती बाळंतीण, तिच्या घरी सुतक, असं करत करत कशीबशी पाच नावं जमतात. मग पाच पाट, पाच जणींची फुलं आणि पत्री (सोळा प्रकारची, आघाडा-दुर्वा धरून, आणि शहरात ती फुलवाल्याला आधी सांगून ठेवावी लागते), पाच वाणं. पूजा नऊ-दहाला सुरू झाली तरी पत्री वाहून, कहाणी वाचून, आरती होईपर्यंत बारा सहज वाजतात, आणि मग वशेळ्यांनी पूजा करणारीच्या पंगतीला बसून मुक्याने जेवायचं असतं. म्हणजे साडेअकराला तू उठणार ती बहुतेक कहाणीच्या मधूनच, आणि पंगतीत एक पान रिकामं. याला लवकर निघणं नाही म्हणत, याला अर्धवट सोडणं म्हणतात.

आणि हे मावशीला कळलं कधी, तर सोमवारी रात्री, ग्रुपवर, तेही बाकी नातेवाइकांबरोबरच! त्या वेळी तिने सहावी मुलगी कुठून आणायची? हेच तू आमंत्रणाच्या दिवशी, अगदी चार दिवसांनी जरी सांगितलं असतंस तरी तिने दुसऱ्या कुणाला विचारलं असतं आणि तुला कुणी एक शब्द बोललं नसतं. माझ्याच घरी एकदा दोन पाट रिकामे राहिले होते, दोघीही 'बघते, जमवते' म्हणाल्या होत्या. मला अजून 'जमवते' या शब्दाची चीड आहे, कारण त्याच्यावर पोळ्या किती लाटायच्या ते ठरत नाही.

मंगळागौर तशी अट घालून यायला फार सोयीची आहे, फक्त अट बरोबर जागी घालावी लागते. सकाळची पूजा आणि जेवण हे एकसंध, त्याचे तुकडे होत नाहीत. पण संध्याकाळचं हळदीकुंकू म्हणजे येणं-जाणंच, कुणी दहा मिनिटं टेकतं, कुणी दोन तास. त्यानंतर फुगड्या, झिम्मा, पिंगा, जागरण चालू होतं, तिथून तू नऊला उठलीस तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेला तर घरचीच चार माणसं असतात.

तेव्हा सरळ जाऊ नको वगैरे काही नाही. आज, म्हणजे हे वाचून झाल्या झाल्या, नणंदेला फोन कर. मेसेज नाही, फोन. आणि असं सांग, "वन्सं, वशेळीत मला धरू नका, सकाळी मला बसता येणार नाही, दुसरी कुणी बघा. संध्याकाळी सातला हळदीकुंकवाला येते, नऊपर्यंत आहे, फराळ करूनच जाईन." कुठल्या भागाला येणार, किती वाजेपर्यंत, जेवणार की नाही, बास. क्लायंटचं पुराण लावू नकोस, कारण जितकं लांबवशील तितकं समोरच्याला वाटतं की अजून थोडं ओढलं तर ही येईल सकाळीही, आणि मग तूच परत 'बघते' म्हणशील. आणि सात म्हणजे सातच हं, साडेआठला उगवून नऊला निघालीस तर ती मला पत्र लिहील.

नणंद थोडी फुगेल कदाचित, फुगू दे, तिच्या हातात आठवडा आहे.

मग मावशीला फोन. मीटिंग, रजा, बॉस यातलं काहीही काढायचं नाही. फक्त विचार, मावशी, माझ्या पाटावर शेवटी कोण बसलं गं?