ब्रेक-ईव्हन आलेखात दोन रेषा छेदतच नाहीत

प्रश्न: चकलीचा छोटा उद्योग आहे. भाव किलोला २०० रुपये, महिन्याला १००० किलो विक्री, एकूण खर्च १,८०,००० (त्यात भाडं, पगार, विमा ६०,०००). किलोला १८० धरून आलेख काढला, तर विक्री आणि खर्च दोन्ही रेषा शून्यातून निघतात, पुढे कुठेच छेदत नाहीत. पी/व्ही म्हणजे नफा-विक्री आलेखही असाच काढायचा का?

उत्तर: तुमचे १८० रुपये फक्त १००० किलोलाच खरे आहेत. ५०० किलो विकलीत तरी स्थिर खर्चाचे ते ६०,००० भरावेच लागतात. म्हणून खर्चाची रेषा उभ्या अक्षावर ६०,००० पासून सुरू करा आणि किलोला १२० रुपयांनी चढवा. १००० किलोवर ती बरोबर १,८०,००० ला पोचते. विक्रीची रेषा शून्यातूनच निघेल. छेद, म्हणजे ना नफा ना तोटा असा ब्रेक-ईव्हन बिंदू, ७५० किलोवर, म्हणजे दीड लाखाच्या विक्रीवर येईल.

हे इतकं ठासून सांगतोय कारण धायरीतल्या आमच्या मसाल्याच्या युनिटचा कर्जाचा अहवाल एका सल्लागार कार्यालयाने असाच, किलोमागे सरासरी खर्च धरून केला होता. कागदावर प्रत्येक महिना नफ्याचा! हप्ता त्यावरच ठरला. दिवाळीनंतर विक्री उतरली तेव्हा तोटा, आणि विचारायला गेलो तर 'आकडे तुमचेच आहेत' एवढंच उत्तर. तुमच्याच आकड्यांवर बघा: ५०० किलोला तुमचा आलेख १०,००० नफा दाखवतो, प्रत्यक्षात २०,००० तोटा आहे. अजून राग येतो.

पी/व्ही आलेखात खर्चाची रेषा नसतेच. आडव्या अक्षावर विक्री रुपयांत, त्याच्या वर नफा, खाली तोटा. विक्री शून्य असताना तोटा ६०,०००, हा पहिला बिंदू अक्षाखाली. दोन लाखांच्या विक्रीला नफा २०,०००, हा दुसरा बिंदू वर. दोन्ही जोडले की रेषा दीड लाखावर आडवा अक्ष ओलांडते. तिथे नाही ओलांडली, तर मापात गडबड आहे.

या रेषेचा चढ म्हणजे पी/व्ही रेशो, इथे ४० टक्के: प्रत्येक जादा १०० रुपयांच्या विक्रीतले ४० आधी स्थिर खर्च फेडतात, मग नफ्यात पडतात. भाडं वाढलं तर चढ तोच राहून रेषा खाली सरकते. तेल महागलं तर सुरुवात तीच राहते, पण चढ कमी होतो. यासाठी मला हा आलेख जास्त आवडतो. आज तुमची विक्री छेदापासून ५०,००० पुढे आहे, म्हणजे ती पाव हिश्शाने घटेपर्यंत तोटा नाही.

मी सीए नाही, त्यामुळे बँकेत द्यायचं असेल तर तपासून घ्या. विजेच्या बिलातला स्थिर आकार ६०,००० मध्ये आणि वापरलेल्या विजेच्या युनिटचा खर्च किलोमागे धरा. आणि रेषा सध्याच्या कढईच्या क्षमतेपलीकडे नेऊ नका, कारण दुसरी कढई आणि माणूस घेतला की स्थिर खर्च एकदम वर उडी मारतो, तिथून नवीन आलेख काढावा लागतो. आप्पा बळवंत चौकातला साधा मिलिमीटर कागद यासाठी पुरतो.