नोकरीच्या उमेदवाराला घरी करायची असाइनमेंट पाठवताना सूचना, वेळ आणि गुण कसे ठरवावेत?

प्रश्न: आमची बाणेरला छोटी कंपनी आहे. डेटाचं काम करायला माणूस हवाय. पहिल्यांदाच असाइनमेंट पाठवतोय. सूचना काय द्यायच्या, किती वेळ द्यायचा, गुण कसे द्यायचे?

उत्तर:

वेळेपासून सुरू करते, कारण बाकीचं लोक निभावून नेतात आणि अन्याय करतात तो वेळेच्या बाबतीत.

२०१७ साली मुलगी दीड वर्षाची असताना मी पुन्हा नोकरी शोधत होते. हिंजवडीतल्या एका कंपनीचा शुक्रवारी संध्याकाळी मेल आला. सोबत विक्रीची एक फाइल आणि दोन ओळी: यातून महिन्याचा अहवाल काढणारा प्रोग्राम लिहा, सोमवारी सकाळी दहापर्यंत पाठवा, हवा तेवढा वेळ घ्या. गुण कशाला, हे कुठेच नव्हतं. आम्ही तेव्हा सिंहगड रोडला राहायचो. नवऱ्याची दुसरी पाळी, सासूबाई गावी गेलेल्या. मुलगी झोपली की बसायचं, रडली की उठायचं, असे दोन दिवस काढले. रविवारी पहाटे चार वाजता मी प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्ट लिहीत होते. आकडे बरोबर आले, वेळेत पाठवलं.

बुधवारी नकार आला. मी फोन करून कारण विचारलं, तर एचआरच्या बाई म्हणाल्या, बाकीच्यांनी आलेख आणि लॉगिनसकट सुंदर वेबपेज करून दिलं होतं. वेबपेज कुणी मागितलंच नव्हतं! ज्यांचा शनिवार-रविवार मोकळा होता त्यांनी ते केलं, आणि तेच निवडले गेले. त्या कंपनीनं माझं काम तपासलं नाही, माझ्या घरात मूल सांभाळायला दुसरं कुणी आहे का ते तपासलं.

आता मी स्वतः असाइनमेंट पाठवते. आमच्याकडे कामाचा वेळ आणि मुदत वेगवेगळी लिहितो: काम तीन तासांचं, मुदत सहा दिवसांची, आणि त्या सहा दिवसांत एक शनिवार-रविवार असलाच पाहिजे. मेल कोणत्या दिवशी यावा ते उमेदवार सांगतो. तीन तास हा आकडा अंदाजानं काढलेला नाही. ज्यानं असाइनमेंट तयार केली नाही अशा सहकाऱ्याला ती कोरी करायला दिली आणि घड्याळ लावलं. त्याला ७० मिनिटं लागली. उमेदवाराला फाइल नवी, मनावर ताण, म्हणून त्याच्या दुपटीहून जास्त वेळ धरला. तुमच्या सहकाऱ्याला दोन तास लागले, तर मुदत वाढवू नका, काम कापा.

सूचनांमध्ये एक वाक्य हवंच: तीन तास झाले की थांबा, आणि राहिलेलं कसं केलं असतं ते कोडसोबतच्या README या टिपणात लिहा. कुणी दहा तास बसलं तर कळणार कसं? नाही कळणार. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधल्या कमिटच्या वेळा बदलता येतात, आणि पहारा करायची गरजही नाही. जास्तीच्या तासांना गुणच मिळणार नाहीत अशी गुणपत्रिका केली की मर्यादा आपोआप पाळली जाते. आमच्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं: आलेख, वेबपेज, लॉगिन यांना शून्य गुण.

आता प्रत्यक्ष काम. आम्ही गाड्यांच्या फेऱ्यांची बनावट फाइल देतो आणि प्रत्येक ड्रायव्हरची महिनावार रक्कम काढायला सांगतो. कंपनीचं खरं, अडलेलं काम देऊ नका. ते फुकट करून घेणं आहे, आणि उमेदवाराला ते लगेच कळतं. फाइलमधल्या चार ओळी अशा:

```
trip_id,driver,date,amount
1041,D07,03/04/2024,850
1041,D07,03/04/2024,850
1042,D07,2024-04-03,
1043,d07,04/13/2024,620
```

पहिली ओळ दोनदा आली आहे, 1042 ची रक्कम रिकामी आहे, शेवटच्या ओळीत ड्रायव्हरचा डी लहान आहे. हे बहुतेकांना दिसतं. खरी मेख तारखेत आहे. 04/13 मध्ये महिना आधी आहे, कारण तेरावा महिना नसतो. मग 03/04 म्हणजे ४ मार्च? पण पुढची फेरी, 1042, ३ एप्रिलची आहे, आणि फेऱ्यांचे क्रमांक ओळीनं चाललेत. तसं पाहिलं तर 1041 सुद्धा ३ एप्रिलची वाटते. तारीख एप्रिलची धरली तर D07 चा एप्रिल १४७०, मार्चची धरली तर मार्च ८५० आणि एप्रिल ६२०.

आम्हाला दोन्ही उत्तरं चालतात. उमेदवाराला हा गोंधळ दिसला का, त्यानं काय गृहीत धरलं आणि ते लिहिलं का, एवढं आम्ही पाहतो. एका मुलीनं कोड अर्धाच दिला होता, पण README मध्ये लिहिलं होतं की ही फाइल दोन ठिकाणांहून जोडलेली दिसते, तारखेबद्दल फाइल देणाऱ्याला विचारल्याशिवाय मी हा आकडा पुढे पाठवणार नाही. तिला घेतलं. दुसऱ्याचा कोड देखणा होता, पण त्याच्या प्रोग्रामनं रिकामी रक्कम गुपचूप शून्य धरली आणि न समजलेल्या तारखा गाळल्या. बेरीज चुकली आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागला नाही. डेटाच्या कामात मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

गुण असे: सदोष ओळी हाताळणं ४०, टेस्ट २५, कोड दुसऱ्याला वाचता येणं २०, README १५. हे आकडे उमेदवाराला मेलमध्येच कळवतो, आणि फाइलमध्ये मुद्दाम चुका आहेत हेही सांगतो. तपासणारे दोघे, नाव झाकून, एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले गुण लिहून टाकतात. आधी बोललं तर ज्येष्ठ माणसाचं मत दोघांचं होतं. दोघांत १५ हून जास्त फरक पडला तर गुणपत्रिकेतलं वाक्य संदिग्ध आहे असं समजून ते सुधारतो.

माझे आधीचे एक मॅनेजर म्हणायचे, "वेळेचं बंधन कशाला? ज्याला गरज आहे तो वेळ काढतोच, कष्टाळू माणूस त्यातूनच कळतो." त्यांच्याशी मी दोन वर्षं भांडले. सर, रविवारी पहाटे चार वाजता मी वेळच काढत होते. गरज होती, कष्टही होते. तुमच्या पद्धतीत मी बसलेच नसते, आणि नंतर तुमच्याच टीममधले बिलांचे चुकलेले आकडे मीच शोधून दिले होते.

दोन गोष्टी राहिल्या. दहा-बारा वर्षं अनुभव असलेल्याला असाइनमेंट पाठवू नका, त्याच्यासोबत तासभर बसून त्यानं केलेल्या कामाबद्दल बोला. आणि कॉलेजातून एकदम तीनशे मुलं येणार असतील तर ही पद्धत झेपणार नाही, कारण एक असाइनमेंट नीट तपासायला आम्हा दोघांना प्रत्येकी पाऊण तास लागतो. म्हणून आम्ही ती पहिल्या फोननंतर उरलेल्या चार-पाच जणांनाच पाठवतो, आणि नकार दिला तरी चार विभागांचे गुण कळवतो.